किती लॅपटॉप मागे, आणि किती दिवस मागे

कार्यालयातल्या लॅपटॉपवर सुरक्षेचे पॅच वेळेवर लागतात का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक आयटी विभाग दोन आकड्यांत देतात. महत्त्वाचं अपडेट बाकी असलेले लॅपटॉप किती, हा पहिला आकडा. प्रत्येक लॅपटॉपला शेवटचं अपडेट मिळून किती दिवस झाले, हा दुसरा. दोन्ही काढायला सोपे आहेत, तक्त्यात नीट बसतात आणि बैठकीत पटकन समजतात. पण माझं मत असं आहे की पहिल्या आकड्यातलं बळ गेल्या दहा वर्षांत बरंचसं ओसरलं आहे, आणि दुसरा आकडा बहुतेक ठिकाणी चुकीच्या तारखेपासून मोजला जातो. हा आढावा विंडोज लॅपटॉपपुरता ठेवला आहे, कारण आपल्याकडच्या कार्यालयांत तेच सर्वांत जास्त दिसतात.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षेचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला ते बाहेर पडतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला. त्यामुळे भारतातल्या कार्यालयात पॅचचा दिवस खरं तर बुधवार असतो. विंडोज ७ च्या जमान्यात त्या रात्री दहा-बारा वेगवेगळे पॅच यायचे आणि प्रत्येक स्वतंत्रपणे लावता किंवा टाळता यायचा. एखाद्या संगणकावर ४० पॅच बाकी असले तर तो ३ बाकी असलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे, हे त्या आकड्यावरूनच कळायचं.

विंडोज १० आलं तेव्हा, २०१५ मध्ये, ही पद्धत बदलली. महिन्याचं एकच अपडेट येऊ लागलं आणि त्यात आधीच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या सामावलेल्या असू लागल्या. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ लाही तशीच मासिक गठ्ठ्याची पद्धत लागू झाली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचं होतं, कारण मागे पडलेला लॅपटॉप एका अपडेटमध्ये ताजा होतो. पण मोजणी करणाऱ्याचा आकडा त्यामुळे सपाट झाला. नवं अपडेट आलं की जुनं रद्दबातल ठरतं आणि बाकीच्या यादीतून गळून पडतं. म्हणून एक महिना मागे असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचं एक अपडेट बाकी दिसतं, आणि चार महिने मागे असलेल्यावरही एकच. डॉटनेटचं वेगळं आलेलं असलं तर दोन्हीकडे दोन.

सोसायटीच्या वार्षिक सभेत 'थकबाकीदार किती?' एवढंच विचारून कोणी गप्प बसत नाही, 'सगळ्यांत जुनी थकबाकी कुठल्या महिन्याची?' हेही विचारलं जातं. पॅचच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच आता मुख्य झाला आहे. वॉनाक्रायने १२ मे २०१७ ला जगभर संगणक बंद पाडले. ज्या दोषावर तो पसरला त्याचा पॅच, `MS17-010`, १४ मार्चला आला होता. मधे ५९ दिवस होते. त्या दिवशी कोण वाचलं आणि कोण सापडलं, यात बाकी पॅचच्या संख्येला महत्त्व नव्हतं. बाकी किती जुनी आहे, याला होतं.

आता 'महत्त्वाचं' म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण अहवाल अनेकदा इथेच पहिल्यांदा घसरतो. कार्यालयातले पॅच वाटणारा मायक्रोसॉफ्टचा डब्ल्यूएसयूएस हा सर्व्हर अपडेटचे वर्ग पाडतो. त्यात `Critical Updates` नावाचा एक वर्ग आहे. नाव पाहून कोणालाही वाटेल की गंभीर सुरक्षादोषांचे पॅच इथेच असणार. प्रत्यक्षात हा वर्ग सुरक्षेशी संबंध नसलेल्या गंभीर बिघाडांच्या दुरुस्तीचा आहे. सुरक्षेचे पॅच `Security Updates` या वेगळ्या वर्गात असतात आणि त्यांची तीव्रता `MsrcSeverity` या रकान्यात चार पायऱ्यांनी लिहिलेली असते: `Critical`, `Important`, `Moderate`, `Low`. अहवालाची गाळणी पहिल्या वर्गावर लावली, तर ज्यासाठी अहवाल काढला तेच त्यातून निसटतं आणि आकडा छान शून्याकडे जातो.

गाळणी योग्य रकान्यावर लावली तरी फक्त `Critical` धरणं पुरेसं नाही. फेब्रुवारी २०२४ मधल्या `CVE-2024-21412` चंच पाहा. शॉर्टकट फाइलमधून विंडोजचा इशारा चुकवणारा हा दोष हल्लेखोर पॅच येण्याआधीच वापरत होते. मायक्रोसॉफ्टने त्याला `Important` ही श्रेणी दिली होती, `Critical` नाही. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मात्र पॅच आला त्याच दिवशी, १३ फेब्रुवारीला, तो प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत टाकला. तीव्रतेची श्रेणी दोषाचं नुकसान सांगते. तो आज कोणी वापरत आहे का, हे ती सांगत नाही. म्हणून सुरक्षेचं मासिक अपडेट बाकी असेल तर श्रेणी न पाहता तो लॅपटॉप 'बाकी'त धरावा, असं मला ठामपणे वाटतं. एकाच गठ्ठ्यात सगळ्या श्रेणींच्या दुरुस्त्या असताना श्रेणी गाळून हाती काही लागत नाही.

एका लॅपटॉपवर काय बाकी आहे हे पॉवरशेलच्या तीन ओळींत कळतं:

```powershell
$s = (New-Object -ComObject Microsoft.Update.Session).CreateUpdateSearcher()
$r = $s.Search("IsInstalled=0 and IsHidden=0 and Type='Software'")
$r.Updates | Select-Object Title, MsrcSeverity, LastDeploymentChangeTime
```

पण या उत्तराची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. लॅपटॉप ज्या सर्व्हरला विचारतो, त्या सर्व्हरने देऊ केलेल्या गोष्टींतूनच 'बाकी' ठरतं. आयटी विभागाने डब्ल्यूएसयूएसवर एप्रिलच्या अपडेटला अजून मंजुरी दिली नसेल, तर लॅपटॉपला ते बाकी आहे हे कळणारच नाही. मासिक अपडेट लांबणीवर टाकण्याचं धोरण लावलेलं असेल, आणि ते ३० दिवसांपर्यंत लावता येतं, तरी तेच होतं. म्हणजे ज्या विभागाच्या दिरंगाईची तपासणी करायची, त्याच्याच दिरंगाईमुळे अहवाल स्वच्छ दिसतो. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, पण परिणाम तोच.

यावर उपाय सोपा आहे. लॅपटॉपला 'तुझं काय बाकी आहे?' असं न विचारता 'तू कुठे आहेस?' असं विचारायचं. विंडोजचा बिल्ड क्रमांक प्रत्येक मासिक अपडेटबरोबर पुढे सरकतो:

```powershell
$k = Get-ItemProperty 'HKLM:\SOFTWARE\Microsoft\Windows NT\CurrentVersion'
"$($k.CurrentBuild).$($k.UBR)"
```

कुठला क्रमांक कुठल्या तारखेचा, हे मायक्रोसॉफ्ट जाहीर करतं. विंडोज ११ च्या `23H2` आवृत्तीसाठी २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत ९ जानेवारीला `22631.3007`, १३ फेब्रुवारीला `22631.3155`, १२ मार्चला `22631.3296` आणि ९ एप्रिलला `22631.3447` आला. एवढा छोटा तक्ता हाताशी असला की सर्व्हरने काय मंजूर केलं होतं याच्याशी आपला संबंध राहत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर करून पाहू. समजा, एका कार्यालयाच्या मालमत्ता नोंदवहीत २०० लॅपटॉप आहेत, सगळे `23H2` वर, आणि अहवालाचा दिवस शुक्रवार २६ एप्रिल २०२४ आहे. मागच्या सात दिवसांत १६८ लॅपटॉपनी सर्व्हरला आपली माहिती दिली. त्यांतले १४२ `3447` वर किंवा त्यापुढे आहेत. उरलेल्या २६ पैकी १४ `3296` वर, ७ `3155` वर आणि ५ `3007` वर अडकले आहेत. मोजताना तुलना 'इतका किंवा त्याहून मोठा' अशीच करायची, 'बरोबर इतका' अशी नाही, कारण महिन्याच्या शेवटी येणारं ऐच्छिक अपडेट घेतलेल्या लॅपटॉपचा क्रमांक पुढचा असतो आणि तो उगाच मागे पडलेल्यांत जातो.

नुसती संख्या पाहिली तर २६ लॅपटॉपवर प्रत्येकी एक अपडेट बाकी आहे. वय पाहिल्यावर चित्र बदलतं. पहिले १४ फक्त एप्रिलचं अपडेट चुकलेले आहेत, म्हणजे १७ दिवस उघडे. ७ जणांचं मार्चचंही राहिलं आहे, तिथे ४५ दिवस झाले. शेवटच्या पाचांवर फेब्रुवारीपासूनची दारं उघडी आहेत, ७३ दिवस, आणि वर सांगितलेला शॉर्टकट फाइलचा दोष याच पाचांवर जिवंत आहे. इथे वय कुठून मोजलं ते पाहा. लॅपटॉपवर शेवटचं काहीतरी लागलं त्या दिवसापासून नव्हे. त्याच्याकडे नसलेल्या सर्वांत जुन्या मासिक अपडेटच्या प्रकाशनापासून.

हा फरक किती मोठा पडतो, ते त्या पाचांपैकी एकावर पाहू. हा लॅपटॉप विक्री विभागातल्या एका कर्मचाऱ्याकडे आहे. प्रचलित अहवालात त्याच्या ओळीत 'शेवटचं अपडेट: २२ एप्रिल, वय ४ दिवस' असं लिहून येतं आणि ओळ हिरवी असते. अपडेटचा इतिहास उघडला की खुलासा होतो. २२ एप्रिलला लागलं ते प्रिंटरचं ड्रायव्हर. त्याच्या आजूबाजूला रोज `KB2267602` या नावाच्या नोंदी आहेत. त्या डिफेंडरच्या विषाणू-ओळखीच्या याद्या आहेत आणि दिवसातून अनेकदा येतात. या दोन्हींनी विंडोजमधला एकही दोष दुरुस्त होत नाही. खालच्या नोंदींत फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचं मासिक अपडेट प्रत्येक वेळी `0x80070070` या चुकीवर अडलेलं दिसतं. डिस्कवर जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. बैठकींची ध्वनिमुद्रणं साठवून सी ड्राइव्ह भरला आहे. जागा मोकळी करायला दहा मिनिटं लागतात, पण त्यासाठी ही ओळ लाल दिसायला हवी होती.

सरासरीनेही असंच झाकलं जातं. माहिती दिलेल्या १६८ लॅपटॉपच्या उघड्या दिवसांची सरासरी काढली, ताज्यांचे शून्य धरून, तर ती साडेपाच दिवसांच्या आत येते. हे वाक्य ऐकून कोणाच्याही कपाळावर आठी पडणार नाही. म्हणून सरासरी अहवालात नकोच. १४ दिवसांच्या आतले किती, एक महिन्यापर्यंतचे किती, त्यापलीकडचे किती आणि सर्वांत जुना किती दिवसांचा, हे चार आकडे पुरतात.

वय मोजताना तारखेच्या मांडणीचा एक खड्डाही हमखास लागतो. अमेरिकी पद्धतीने लिहिलेल्या तारखा सीएसव्ही फाइलमधून एक्सेलमध्ये आणल्या आणि संगणक भारतीय मांडणीवर असला, तर ९ एप्रिलचं `4/9/2024` हे ४ सप्टेंबर म्हणून वाचलं जातं. १३ फेब्रुवारीचं `2/13/2024` तर तारीख म्हणून ओळखलंच जात नाही. ते साधा मजकूर होऊन बसतं आणि हिशेबातून गुपचूप गळतं. एखाद्या लॅपटॉपचं वय ऋण दिसलं किंवा तारखांचा रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे चिकटलेला दिसला, की हेच झालं आहे असं समजावं. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहून आणल्या की हा त्रास राहत नाही.

पण माझ्या मते सगळ्यांत मोठी गफलत छेदात होते. आपल्या उदाहरणात १४२ भागिले १६८ केलं तर साडेचौऱ्याऐंशी टक्के येतात, आणि बहुतेक डॅशबोर्ड हाच आकडा दाखवतात. नोंदवहीतल्या २०० ने भागलं तर ७१ टक्के उरतात. मधले ३२ लॅपटॉप कुठे गेले? त्यांतला प्रत्येक शोधला तर समजा असं निघालं: ७ भंगारात गेले पण नोंदवहीतून काढायचे राहिले, ११ कपाटात किंवा दीर्घ रजेवरच्या माणसांकडे आहेत, ९ कायम बाहेरगावी असतात आणि कार्यालयाच्या जाळ्याला जोडलेच जात नाहीत, आणि ५ कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. भंगारातले सात वजा केले की छेद १९३ होतो आणि खरा आकडा साडेत्र्याहत्तर टक्क्यांच्या जवळ येतो. अहवालातली सर्वांत गंभीर ओळ मात्र टक्केवारीची नाही. ती ठावठिकाणा नसलेल्या पाच लॅपटॉपची आहे.

गंमत म्हणून नव्हे, काळजीने सांगतो: काही साधनं हा छेद आपणहून लहान करत जातात. डब्ल्यूएसयूएसच्या सफाईच्या विझार्डमध्ये ३० दिवस संपर्क न झालेले संगणक यादीतून काढून टाकण्याची सोय आहे. ती नियमित चालवली, तर सर्वांत जास्त मागे पडलेले लॅपटॉप दर महिन्याला नाहीसे होतात आणि टक्केवारी वर चढते. इन्ट्यूनमध्येही जुनी उपकरणं आपोआप काढायचे नियम लावता येतात. सफाई करण्याला माझा विरोध नाही, पण छेद नेहमी खरेदीच्या नोंदीतून आला पाहिजे, पॅच वाटणाऱ्या साधनाच्या यादीतून नाही. खरेदीची नोंद लेखा विभागाकडे असते, आणि त्या विभागाशी महिन्यातून एकदा बोलावंच लागतं.

डब्ल्यूएसयूएसच्या पडद्यावर आणखी एक टक्केवारी दिसते, तिचं नाव `Installed/Not Applicable Percentage`. लागलेले आणि लागूच नसलेले, दोन्ही पॅच एकत्र मोजून ती काढली जाते. सर्व्हरवर हजारो अपडेट असतात, आणि त्यांतले बहुतेक एखाद्या विशिष्ट लॅपटॉपला लागू नसतात. त्यामुळे जो एकमेव पॅच हवा होता तोच नसलेला लॅपटॉपही ९९ टक्के दाखवतो. हा आकडा व्यवस्थापनासमोर कधीही ठेवू नये.

रीस्टार्टचा मुद्दा थोडक्यात. अपडेट उतरलं, लागलं, पण लॅपटॉप पुन्हा सुरू झालाच नाही, तर जुन्याच फाइली चालत राहतात. लॅपटॉपचं झाकण मिटून घरी जाणाऱ्यांमुळे हे आठवडेच्या आठवडे चालतं. डब्ल्यूएसयूएस अशा अवस्थेला `InstalledPendingReboot` असं वेगळं नाव देतं, पण अहवाल लिहिणाऱ्याने ती 'लागलेल्यां'त मिसळली की फरक पुसला जातो. बिल्ड क्रमांकावरून मोजणी केली तर ही चूक होत नाही, कारण रीस्टार्ट बाकी असताना तो पुढे सरकत नाही. शेवटचा रीस्टार्ट कधी झाला हा रकाना शेजारी असला की फोन कोणाला करायचा तेही कळतं.

किती दिवस जुनी बाकी चालेल, याला सर्वमान्य उत्तर नाही. ब्रिटनच्या सायबर इसेन्शियल्स या प्रमाणपत्रात गंभीर दोषांचे पॅच १४ दिवसांत लावावे लागतात. कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकात एक महिना दिला आहे. सिसाच्या २०१९ च्या आदेशानुसार अमेरिकेच्या केंद्रीय कार्यालयांना इंटरनेटवर उघड असलेल्या यंत्रणांतल्या गंभीर दोषांसाठी १५ दिवस मिळतात. आपल्याकडच्या ज्या कंपन्या परदेशी ग्राहकांचं काम करतात, त्यांच्या करारांत यांतलीच एखादी मुदत दिसू शकते. आपल्या उदाहरणातले १७ दिवसांचे १४ लॅपटॉप १४ दिवसांच्या मुदतीत नापास होतात आणि एक महिन्याच्या मुदतीत पास. म्हणून मुदत आणि ती कुठल्या तारखेपासून धरली, हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत असावं. मुदत पॅच प्रकाशित झाल्यापासून धरावी. डब्ल्यूएसयूएसवर मंजुरी दिल्यापासून धरली, तर मंजुरी उशिरा देणाऱ्याला बक्षीसच मिळतं.

या सगळ्या मोजणीत क्रोम, पीडीएफ वाचक, झूम आणि असे कार्यक्रम येत नाहीत, कारण विंडोज अपडेट त्यांच्याकडे पाहत नाही. क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला येतात. त्यांच्यासाठी आवृत्ती क्रमांकाचा वेगळा तक्ता लागतो आणि तो याच अहवालात वेगळ्या पानावर असावा. दोन्ही मिसळून एकच टक्का काढला की कोणत्याच बाजूचं काही समजत नाही.

शेवटी एक रकाना असा आहे जो अनेक अहवालांत अजून नाही, आणि आता तो टाळता येणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरची वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, न घेतलेल्या लॅपटॉपला नवं मासिक अपडेट येतच नाही. त्याला बाकी किती हे विचारलं तर उत्तर शून्य मिळतं. विंडोज ११ च्या जुन्या आवृत्त्यांचंही तसंच आहे: `22H2` ची प्रो आवृत्ती ८ ऑक्टोबर २०२४ ला आणि `23H2` ची प्रो आवृत्ती ११ नोव्हेंबर २०२५ ला आधाराबाहेर गेली. असे लॅपटॉप 'काही बाकी नाही' या रकान्यात सापडले, तर तिथून काढा, 'आधार संपलेले' असा वेगळा रकाना करा आणि त्यांचं वय आधार संपल्याच्या तारखेपासून मोजा.